मित्राच्या खोलीचं वस्तुसंग्रहालय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मित्र खोली सोडून जाणार असतो, त्याचा वाढदिवस असतो किंवा लग्न ठरलेलं असतं. अशा वेळी त्याच्या पसाऱ्याने भरलेल्या खोलीतून बाकीच्यांना संग्रहालयाच्या मार्गदर्शकासारखं, अगदी गंभीर आवाजात फिरवून आणायचं, हा आमच्या मंडळींचा आवडता कार्यक्रम आहे. तो कसा करायचा याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. सगळीकडे उदाहरण एकाच खोलीचं घेतलं आहे: पुण्यातल्या सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर कॉट बेसिसवर घेतलेली खोली, दोन कॉट, एक खिडकी, राहणारा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा. दिवस दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातला.

१. यात नेमकं करायचं काय असतं?

खोलीतल्या आठ-दहा वस्तू निवडायच्या, प्रत्येकीशेजारी छोटा फलक लावायचा आणि पाहुण्यांना एका ठरलेल्या वाटेने नेत प्रत्येक वस्तूपाशी थांबून निवेदन करायचं. निवेदन करणारा एकच असतो आणि तो शेवटपर्यंत हसत नाही. ज्याची खोली आहे तो मित्र पाहुण्यांमध्ये उभा असतो. त्याला काही बोलायचं नसतं.

पंधरा मिनिटांच्या वर जाऊ नका. गंभीरपणे, थांबत थांबत वाचलं तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात. म्हणजे दहा वस्तू घेतल्या तर एकीच्या वाट्याला शंभर-सव्वाशे शब्द येतात आणि चालायला थोडा वेळ उरतो.

२. आधी खोली थोडी आवरून घेऊ का? फारच घाण दिसते.

नको. खरकटं आणि ओला कचरा तेवढा काढा, बाकी काहीही हलवू नका. वस्तू कुठे आणि कशाशेजारी सापडली, हीच अर्धी माहिती असते. कंगवा टेबलावर असेल तर तो नुसता कंगवा. तोच राज्यघटनेच्या पुस्तकात खूण म्हणून घातलेला असेल तर त्याच्यावर दोन मिनिटं बोलता येतं.

खऱ्या संग्रहालयानेही हे अगदी शब्दशः केलेलं आहे. चित्रकार फ्रान्सिस बेकन लंडनच्या रीस म्यूझमधल्या ज्या खोलीत १९६१ पासून १९९२ साली मृत्यू होईपर्यंत काम करत होता, तिथे रंगाचे डबे, फाडलेली पानं, चुरगळलेले फोटो यांचे गुडघाभर ढीग होते. १९९८ साली ती खोली डब्लिनच्या ह्यू लेन गॅलरीला भेट मिळाली. गॅलरीने पुरातत्त्वज्ञ बोलावले. त्यांनी उत्खननात करतात तसे आराखडे काढून प्रत्येक वस्तूची जागा नोंदवली, सात हजारांहून जास्त वस्तूंची यादी झाली, आणि भिंती, दारं, जमीन, छत यांच्यासह अख्खी खोली डब्लिनला नेऊन पुन्हा होती तशी मांडली. धूळसुद्धा गोळा करून नेली. २००१ पासून ती लोकांना पाहता येते. तुमचा मित्र “अरे थांब, जरा आवरतो” म्हणाला तर त्याला ही हकिकत सांगा. निवेदनाच्या सुरुवातीलाही ती चांगली शोभते.

३. वस्तू निवडायच्या कशा? सगळंच विनोदी वाटतं.

पहिल्या नजरेत विनोदी वाटतं ते सहसा सोडून द्यायचं. एकटा पडलेला पायमोजा प्रत्येकाच्या खोलीत असतो. त्यावर बोललेलं कुणाच्याही खोलीला लागू पडेल. जिच्यामागे या मित्राची एखादी सवय, एखादा निर्धार किंवा एखादी अर्धवट राहिलेली योजना आहे, ती वस्तू शोधायची. आपल्या उदाहरणातल्या खोलीत मार्च महिन्यावर थांबलेली भिंतीवरची दिनदर्शिका आहे. एका डंबेलला पंचा वाळत घातलेला आहे. दुसरा डंबेल दार अडवायला ठेवला आहे. ही डंबेलची जोडी पायमोज्यापेक्षा कितीतरी श्रीमंत आहे, कारण त्यात जानेवारीतला संकल्प आणि नंतरची सोय दोन्ही दिसतात.

रोजच्या वापरातल्या वस्तूंकडे आदराने कसं पाहायचं, हे शिकायला पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघून या. तिथे अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्री, दौती अशा घरगुती वस्तू दालनंच्या दालनं भरून आहेत. प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी हाताखालची होती हे बघताना जाणवत राहतं. मित्राच्या टेबलाकडे परत आल्यावर नजर बदललेली असते.

४. फलकावर काय काय लिहायचं?

वस्तूचं नाव, काळ, माध्यम म्हणजे ती कशाची बनली आहे, माप, कुठे सापडली, नोंदणी क्रमांक, आणि खाली चाळीस-पन्नास शब्दांचं टिपण. मापं खरी घ्या. पट्टी घेऊन मोजलेली साडेनऊ सेंटिमीटर उंची जे काम करते, ते कुठलंही विशेषण करत नाही.

नोंदणी क्रमांकाची पद्धत बऱ्याच संग्रहालयांत तीन भागांची असते: वर्ष, त्या वर्षी आलेल्या संचाचा क्रमांक आणि संचातल्या वस्तूचा क्रमांक. आपल्याकडे संच म्हणजे खोलीतली जागा धरा. टेबल १, खिडकी २, खुर्ची ३, दारामागचे खिळे ४. मग खिडकीतली तिसरी वस्तू अशी नोंदली जाते:

*पेयपात्र, कान तुटलेला. चालू वर्ष, पावसाळ्यानंतरचा काळ. चिनी माती, चहा. उंची ९.५ सेंमी. प्राप्तिस्थान: खिडकीची चौकट, पूर्व कोपरा. नोंदणी क्र. २०२५.२.३.*
*पात्राच्या आतील बाजूस एकावर एक चार वर्तुळाकार रेषा आढळतात. प्रत्येक रेषा एका स्वतंत्र चहाची निदर्शक असून मधल्या काळात पात्र धुण्यात आले नसावे, असे अनुमान आहे. कान तुटल्यानंतरही पात्र वापरात राहिले, यावरून त्याचे धारकाच्या जीवनातील स्थान स्पष्ट होते.*

“चिनी माती, चहा” इथे लोक हसतात. त्या जागी ‘घाणेरडा कप’ लिहिलं असतं तर कुणी हसलं नसतं, आणि मित्र मात्र दुखावला असता.

छापलेला फलक हस्तलिखितापेक्षा चांगला. पांढरा जाड कागद आणि हातभर अंतरावरून वाचता येईल एवढं अक्षर घ्या. भिंतीवर लावणार असाल तर जमिनीपासून दीडशे सेंटिमीटरच्या आसपास लावा. चिकटवायला रंगाऱ्यांकडे असते ती कागदी पट्टी वापरा. साध्या सेलोटेपने भिंतीचा पोपडा निघतो आणि घरमालक डिपॉझिटमधून पैसे कापतो.

५. भाषा कशी असावी? मी लिहिलं की एकतर बखर होते नाहीतर शाळेचा निबंध.

बखरीची आणि गडावरच्या गाइडची भाषा इथे चालत नाही, कारण ती आवाज चढवते. संग्रहालयाची मराठी आवाज उतरवते. ती कर्त्याला आड ठेवून बोलते: ‘आढळून येते’, ‘जतन करण्यात आले आहे’, ‘उपलब्ध पुराव्यांवरून’. तिच्यात उद्गारचिन्ह नसतं. ‘भव्य’, ‘अद्भुत’, ‘ऐतिहासिक’ ही विशेषणं खरे अभिरक्षक क्वचितच वापरतात. तुम्हीही वापरू नका.

एकच वस्तू दोन तऱ्हांनी लिहून बघा. “हे आहे महान योद्ध्याचे अजिंक्य शस्त्र, डंबेल!” यात सगळा जोर लिहिणाऱ्याचा आहे, डंबेलबद्दल काहीच कळत नाही. आता हे: “लोखंडी वजनाची जोडी, प्रत्येकी पाच किलो. निर्मितीचा हेतू व्यायाम हा असला, तरी त्या वापराच्या खुणा केवळ पहिल्या अकरा दिवसांपुरत्या मिळतात. पुढील काळात जोडीतील एकाचा उपयोग दार अडवण्यासाठी, तर दुसऱ्याचा वस्त्रे वाळवण्यासाठी होऊ लागला. दोन्ही वापर आजही अखंड चालू आहेत.” अकरा दिवस हा आकडा मित्राच्या टेबलावरच्या वहीतून आला आहे, तिथे त्याने रोज बरोबरच्या खुणा केल्या होत्या. आकडा मनाने घातला असता तर वाक्य पोकळ वाटलं असतं. वही चाळायला त्याची परवानगी होती, हेही महत्त्वाचं. त्याबद्दल प्रश्न ९ पाहा.

लिहून झालं की मोठ्याने वाचा. ज्या शब्दावर तुम्हाला स्वतःला हसू फुटतं, तो बहुतेक वेळा जास्तीचा असतो.

६. किती खरं आणि किती बनवलेलं?

वस्तू, माप, तारीख, जागा हे सगळं शंभर टक्के खरं. बनवायचा असतो तो फक्त अर्थ, आणि तोही पुराव्यावरून निघतो असं दाखवून.

पुरातत्त्वात अनुमान कसं मांडतात ते बघण्यासारखं आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव इथे डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, त्यात ताम्रपाषाणयुगातलं पाच खोल्यांचं एक घर मिळालं. बाकीची घरं लहान होती, हे मोठं होतं आणि त्याला लागून धान्याचं कोठार होतं. म्हणून ते वस्तीच्या प्रमुखाचं घर असावं, असं अभ्यासकांनी मांडलं. आधी पुरावा, मग तुलना, आणि शेवटी ‘असावं’. तुमचं निवेदन याच तीन पायऱ्या चढतं, फक्त शेवटची पायरी किंचित वाकडी असते. “खोलीत प्लगची चार ठिकाणे आहेत. त्यांपैकी तीन उशीपासून दूर असून वापरात नाहीत. चौथे उशीपासून हातभर अंतरावर असून तेथे तीन चार्जर एकत्र आढळले. मुख्य अनुष्ठान शयनस्थानीच पार पडत असावे.”

‘अनुष्ठान’, ‘विधी’ हे शब्द जपून वापरा. न कळणाऱ्या वस्तूला धार्मिक ठरवून मोकळं व्हायचं, अशी थट्टा पुरातत्त्वज्ञ स्वतःच एकमेकांची करतात. १९५६ साली होरेस मायनर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने एका प्रतिष्ठित नियतकालिकात आपल्याच देशबांधवांच्या न्हाणीघरांचं आणि औषधांच्या कपाटांचं वर्णन अनोळखी जमातीच्या देवघरांसारखं केलं होतं, तेव्हापासून ही युक्ती सगळ्यांना माहीत आहे. पूर्ण फेरीत ती एकदाच वापरा.

७. खुर्चीवरच्या कपड्यांच्या ढिगाचं काय करायचं?

हा ढीग म्हणजे या खोलीचं मुख्य दालन, आणि त्याला स्तरशास्त्र लावायचं. नियम साधा आहे: मधे कुणी ढवळलं नसेल तर खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. आदल्या दिवशी मित्राला शेजारी बसवून थर उचलत जा. प्रत्येक थर उचलण्याआधी फोटो काढा, खिसे त्यालाच तपासू द्या आणि सगळं त्याच क्रमाने परत ठेवा.

आपल्या खोलीत वरून खाली असं मिळालं. पहिला थर टॉवेल, अजून ओलसर. म्हणजे इथे रोज भर पडते आहे. दुसरा थर दोन टी-शर्ट आणि एक जीन्स, धुण्याइतके मळलेले नाहीत पण कपाटात ठेवण्याइतके स्वच्छही नाहीत. जीन्सच्या खिशात एसटीचं तिकीट, ११ ऑक्टोबर. तिसऱ्या थरात रेनकोट, खालच्या काठाला वाळलेला चिखल. चौथ्यात झब्बा, खिशात चार-पाच अक्षता. मे महिन्यातल्या चुलतबहिणीच्या लग्नाचा. पाचव्यात स्वेटर. त्याखाली खुर्चीची बैठक, दुकानातलं प्लास्टिक अजून तसंच.

स्वेटर थंडीचा, झब्बा उन्हाळ्याचा, रेनकोट पावसाळ्याचा, वर ऑक्टोबर. वर्षाचे तिन्ही ऋतू एका खुर्चीवर क्रमाने बसले आहेत, आणि हे निवेदनात फक्त वाचून दाखवायचं. “बैठकीवरील मूळ आवरण शाबूत असल्याने, आसन म्हणून या वस्तूचा वापर झाल्याचा पुरावा मिळत नाही.”

इथे लोक दोन ठिकाणी चुकतात. पहिली चूक तारखेची. ११ ऑक्टोबरचं तिकीट एवढंच सांगतं की जीन्स त्या तारखेला किंवा त्यानंतर खुर्चीवर आली. जुनी गोष्ट नव्या थरात येऊ शकते. खिशात जानेवारीचं तिकीट निघालं असतं तर तो थर जानेवारीचा ठरला नसता, कारण माणूस तिकीट महिनोन्‌महिने खिशात घेऊन फिरतो. थराचा काळ त्यातल्या सर्वांत नव्या वस्तूवरून ठरवायचा.

दुसरी चूक ढवळलेल्या थराची. चौथ्या थरात, झब्ब्याखाली, याच आठवड्यात घेतलेला नवा मोजा मिळाला. म्हणून झब्बा या आठवड्यातला ठरत नाही. कुणीतरी घाईत ढिगात हात घालून काहीतरी शोधलं आणि मोजा खाली सरकला. उत्खननात उंदराच्या बिळामुळे किंवा नंतर खणलेल्या खड्ड्यामुळे असंच होतं. ओळखायची खूण म्हणजे त्या जागी वरच्या थरांच्या घड्या एका बाजूला ओढलेल्या दिसतात. हे निवेदनात जरूर सांगा: “पश्चिमेकडून झालेल्या आकस्मिक शोधमोहिमेमुळे येथील स्तर विस्कळीत झाले आहेत.” खोलीत राहणाऱ्या सगळ्यांना ती सकाळ आठवते.

जाता जाता: एसटीची, एटीएमची तिकिटं-पावत्या उष्णतेने छापणाऱ्या यंत्रातून येतात आणि त्यांवरची अक्षरं उडून जातात. मिळाल्या मिळाल्या फोटो काढून ठेवा.

८. फिरवताना क्रम कसा ठेवायचा? आणि कुणी मधेच प्रश्न विचारला तर?

दारातून आत आल्यावर डावीकडून सुरू करून खोलीला प्रदक्षिणा घालत परत दाराशी या. सगळ्यांत भक्कम वस्तू, म्हणजे इथे खुर्ची, शेवटून दुसरी ठेवा. वस्तूपाशी पोचल्यावर आधी दोन-तीन सेकंद गप्प राहून तिच्याकडे बघा, मग बोला. मित्राकडे बघू नका. तुम्ही बघितलं की सगळे बघतात आणि तो कानकोंडा होतो.

प्रश्न आला तर गंभीरपणे उत्तर द्या. उत्तर येत नसेल तर “याबाबत अभ्यासकांत एकमत नाही” असं म्हणून पुढच्या वस्तूकडे चला. मित्र स्वतः न राहवून बोललाच तर “धारकाच्या वंशपरंपरेत अशी आख्यायिका सांगितली जाते” असं म्हणून त्याचं म्हणणं सामावून घ्या.

९. कुठल्या वस्तू वर्ज्य?

औषधं, अंतर्वस्त्रं, पत्रं, पैशांचे कागद, निकाल. या खोलीत टेबलावर गुणपत्रिका उघडी पडलेली असली आणि तिच्यावर मजेदार टिपण सुचत असलं, तरी ती उलटी करून ठेवा. अभ्यासाच्या झेरॉक्सचा ढीग घ्यायला हरकत नाही, पण फक्त ढीग म्हणून: उंची, कागदाचा रंग, वर साचलेली धूळ. परीक्षेत काय झालं तिकडे वळू नका.

निवडलेल्या वस्तूंची यादी मित्राला आधी दाखवा. निवेदन दाखवू नका, नुसती यादी. तो ज्या नावावर थोडा थांबेल, ते नाव कारण न विचारता काढून टाका. यादी दाखवल्याने गंमत कमी होते असं बरेच जण लिहितात. मला तसं कधीच वाटलं नाही, कारण त्याला वस्तू माहीत असतात, तुम्ही काय म्हणणार ते माहीत नसतं.

१०. खोलीत दोघं राहतात. दुसऱ्याचा पसारा घेतला तर चालेल का?

त्याची परवानगी असेल तर हो, पण वेगळं दालन करून. दोन कॉटमधली सीमारेषा हाच उत्तम प्रदर्शनीय विषय असतो: कुणाची चप्पल कुठपर्यंत जाते, वीस लिटरच्या पाण्याच्या जारचा नळ कुणाच्या बाजूला वळलेला आहे. तो तयार नसेल तर त्याच्या कॉटवर चादर टाका आणि “हे दालन सध्या अभ्यागतांसाठी बंद आहे” असा फलक लावा.

११. आई-वडील गावाहून आलेले असतील तर?

त्यांना आधी विश्वासात घ्या आणि एखादी वस्तू त्यांच्याकडूनच मागा. घरून पाठवलेला लोणच्याचा डबा, गोधडी, असं काहीतरी. ‘प्राप्तिस्थान’ या रकान्यात गावाचं नाव आलं की आईच पुढे होऊन माहिती देऊ लागते, आणि तेव्हा तुम्ही गप्प बसायचं.

१२. व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू का?

काढा, पण टाकण्याआधी मित्राला पूर्ण दाखवा. चित्रात पत्ता लिहिलेली पार्सलची खोकी, ओळखपत्रं, भिंतीवर चिकटवलेला वायफायचा पासवर्ड आणि परीक्षेच्या प्रवेशपत्रावरचा बैठक क्रमांक येत नाहीत ना, हे बघा. फलकांचे कागद मात्र त्यालाच देऊन टाका. लोक ते वर्षानुवर्षं ठेवतात.

१३. मित्राची खोली अगदी नीटनेटकी आहे. मग?

मग ही कल्पना त्याच्यासाठी नाही. मुद्दाम पसारा करून मांडू नका. पहिल्याच फलकावर ते उघडं पडतं. फार तर त्याचा एक कप्पा घ्या. नीटनेटक्या माणसांकडेही एक असा कप्पा असतोच, ज्यात जुन्या किल्ल्या, सुटी बटणं आणि कुठल्या यंत्राचा ते न आठवणारा स्क्रू असतो.

१४. पसारा गेल्या काही महिन्यांतच अचानक वाढला आहे. तरी करावं का?

करू नका. आधी त्याच्याशी बोला. जो माणूस पूर्वी खोली बरी ठेवायचा आणि आता अंथरूण सोडत नाही, डबा न उघडता परत पाठवतो, फोन उचलत नाही, त्याच्या खोलीतला पसारा हा त्याचा स्वभाव नसतो. तो आजारपणाचा किंवा खचल्याचा भाग असू शकतो. स्तरांतही फरक दिसतो. प्रश्न ७ मधल्या खुर्चीवर वर्षभर थोडं थोडं साठत गेलं होतं आणि वरचा टॉवेल रोज बदलत होता. इथे सगळं एकाच काळातलं असतं आणि वरचा थरही जुना झालेला असतो. अशा वेळी फलक, माप सगळं बाजूला ठेवा, त्याच्यासोबत जेवा, आणि त्याला हवं असेल तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे बरोबर जा. खोली आवरायला मदत करायची असेल तर त्याला विचारून करा.

१५. निवेदनाचा शेवट कसा करायचा? भावुक भाषण करू का?

नको. शेवटची वस्तू लहान आणि साधी ठेवा, दारामागच्या खिळ्याला अडकवलेली किल्ली वगैरे. तिचं नाव, धातू आणि माप सांगा. मग नेहमीच्या आवाजात चप्पल-बूट बाहेर असल्याची आठवण करून द्या आणि चहा कुठे आहे ते सांगा. मित्र खोली सोडून जाणार असेल तर किल्लीच्या फलकावर ‘प्राप्तिस्थान’च्या खाली एक ओळ वाढवता येते: “पुढील महिन्याच्या १ तारखेस मूळ मालकाकडे सुपूर्द करण्यात येईल.”